बेसवादक की बेसवादिका?

प्रश्न : अमेरिकन रॉकवरच्या लेखात मी 'बेसवादक कॅरल के' असं लिहिलं. छापताना त्याचं 'बेसवादिका' झालं. नेमकं बरोबर काय?

व्याकरणाने दोन्ही चालतात. गायक-गायिका, लेखक-लेखिका या चालीवरच वादक-वादिका होतं. फरक सवयीचा आहे. 'गायिका' तोंडात रुळलंय, 'वादिका' अजून अडखळतं, कारण बाईने गावं हे ऐकणाऱ्यांना लवकर पटलं, वाजवावं हे उशिरा.

कॅरल के यांच्या बाबतीत मात्र मी 'बेसवादिका'च ठेवेन. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्या गिटार वाजवत होत्या. 1963 साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून त्यांनी बेस गिटार हातात घेतली आणि पुढे तोच त्यांचा मुख्य धंदा झाला. बीच बॉइज या बँडच्या 1966च्या 'पेट साउंड्स' या अल्बममध्ये अनेक ठिकाणी त्यांचा बेस आहे. पण रेकॉर्डच्या कव्हरवर स्टुडिओतल्या वादकांची नावं छापायची तेव्हा पद्धत नव्हती. कव्हरवर फोटो गाणाऱ्या पोरांचा. ऐकणाऱ्याने बेसही त्यांच्यापैकीच कुणी वाजवला असेल असं धरून चालायचं. नाव पुरुष वादकांचंही गाळलं जायचं हे खरं, पण वाजवणारा पुरुष असेल हा अंदाज त्यांच्याबाबतीत निदान चुकत नव्हता.

सनी आणि शेर या गायक जोडीचं 'द बीट गोज ऑन' ऐका. गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे. सुरुवातीपासून खाली फिरत राहणारी बेसची ओळ काढून टाकली, तर हाताशी फारसं काही उरत नाही. ती ओळ स्टुडिओत बसून के यांनी रचली. गीत-संगीतकार म्हणून नाव लागलं ते एकट्या सनी बोनो यांचं. वादकाला त्या बैठकीची मजुरी मिळे, रचनेतला वाटा नाही.

आता आपली मराठी पाहा. 'के यांनी बेस गिटार वाजवली' या वाक्यातलं 'वाजवली' गिटारीमुळे आलंय. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनीसुद्धा 'वाजवली'च. त्यात 'यांनी' हे आदरार्थी. म्हणजे 'वादक' लिहून असं पानभर मजकूर लिहिला तरी ही बाई आहे हे वाचकाला कळणार नाही, आणि ज्या कव्हरने त्यांना झाकलं तेच आपल्या हातून पुन्हा होईल. पहिल्या उल्लेखाला 'बेसवादिका' लिहा किंवा लगेच पुढे 'त्या' येऊ द्या.

'महिला बेसवादक' मात्र टाळा. 'महिलांमध्ये उत्तम' हे इंग्रजी संगीतपत्रकारितेचं जुनं माप त्यातून शिरतं. सुराला स्त्री-पुरुष नसतो, तो नीट वाजतो किंवा वाजत नाही, अशा अर्थाचं के स्वतः सांगत आल्या आहेत. तुलना करायचीच असेल तर त्यांच्या काळच्या सगळ्या बेसवाल्यांशी करा.