मीटरचा लाल आकडा आणि आठ हजारांचे पाणीबिल

प्रश्न: आम्ही चौघे जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. करारात ‘पाणी उपमीटरप्रमाणे, दर हजार लिटरला 20 रुपये’ असे लिहिले आहे. एप्रिल ते जूनसाठी घरमालकांनी 8,240 रुपये मागितले. चिठ्ठीत ‘मागील 2874, चालू 3286, वापर 412’ एवढेच आहे. माझ्या मोबाइलमध्ये मीटरचे दोन फोटो आहेत: 4 एप्रिलचा 00288 व पुढे लाल 7, आणि 30 जूनचा 00328 व पुढे लाल 6. नळाला चार दिवसाआड पाणी येते. पैसे न दिल्यास पाणी तोडू आणि अनामत रकमेतून कापू, असे ते म्हणतात. त्यांना पत्र कसे लिहू?

उत्तर: वादाचे मूळ त्या लाल आकड्यात आहे. मीटरच्या चकतीवर m³ छापलेले असते, म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि त्यांच्या लगतचा लाल आकडा घनमीटरचा दहावा भाग, म्हणजे शंभर लिटर दाखवतो. आपल्या 30 जूनच्या फोटोत 328.6 आहे आणि मालकांच्या चिठ्ठीत 3286. अंक तेच आहेत, केवळ दशांश चिन्ह गळाले आहे. म्हणून मीटर बिघडला आहे किंवा मालक खोटे बोलत आहेत, असे पत्रात मुळीच लिहू नये. दोन्ही पक्षांचे वाचन एकच आहे आणि चूक ते मांडण्यात झाली आहे, ही भूमिका सर्वांत बळकट आहे, शिवाय मालकांनाही त्यातून मान राखून मागे येता येते.

आता हिशेब पाहू. मालकांचा आरंभीचा आकडा 287.4 असा वाचून मान्य करावा. 328.6 मधून तो वजा केला की 41.2 घनमीटर, म्हणजे 41,200 लिटर वापर निघतो आणि 20 रुपये दराने 824 रुपये होतात. आपला पहिला फोटो 1 एप्रिलचा नसून 4 एप्रिलचा आहे, ही उणीव मालक दाखवतील, म्हणून तिचे उत्तर आधीच द्यावे. फोटोंमधील 87 दिवसांत 39.9 घनमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे 459 लिटर पाणी वापरले गेले. आधीच्या तीन दिवसांत 1.3 घनमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे 433 लिटर. दोन्ही वेग जुळतात, त्यामुळे मधल्या तीन दिवसांत काही दडलेले नाही. चार माणसांत माणशी 115 लिटरच्या आसपास वापर पडतो आणि शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी 135 लिटर धरतात. उलट मालकांचे 412 घनमीटर खरे मानले, तर नव्वद दिवसांतील अठरा पाळ्यांत प्रत्येक वेळी जवळपास 22,900 लिटर पाणी आपण एकट्यांनी साठवायला हवे होते.

पाणी येण्यापूर्वी नळातून सुटणारी हवाही मीटर फिरवते, हे खरे आहे. परंतु आपला वापर स्वाभाविक दिसत असताना तो मुद्दा काढल्यास आपल्याच फोटोंवर शंका उपस्थित होईल. तो बाजूला ठेवावा.

पत्राचा मसुदा असा ठेवावा:

“मा. घरमालक यांस, स. न. वि. वि. आपण एप्रिल ते जून या तिमाहीच्या पाण्यापोटी 8,240 रुपयांची मागणी केली आहे. आपल्या चिठ्ठीतील 2874 आणि 3286 हे आकडे मला मान्य आहेत. मात्र त्यांतील शेवटचा अंक मीटरवरील लाल अंक असून तो घनमीटरचा दहावा भाग दर्शवितो. त्यामुळे वाचन अनुक्रमे 287.4 आणि 328.6, वापर 41.2 घनमीटर आणि करारातील दराने देय रक्कम 824 रुपये होते. दिनांक 4 एप्रिल व 30 जून रोजी घेतलेली मीटरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. 824 रुपये मी आज आपल्या खात्यावर जमा केले आहेत. उर्वरित 7,416 रुपयांची मागणी मला अमान्य आहे. आपणास शंका असल्यास उभयतांच्या उपस्थितीत मीटरची चाचणी घेण्यास मी तयार आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सुधारित बिल द्यावे आणि तोपर्यंत पाणीपुरवठा खंडित करू नये, तसेच अनामत रकमेतून कपात करू नये, ही विनंती. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.”

चाचणी सोपी आहे. घरातील इतर सर्व नळ बंद करून वीस लिटरचे दहा जार भरावेत. दोनशे लिटरला लाल आकडा दोन घरे पुढे सरकला पाहिजे. मालकांचा अर्थ बरोबर असता, तर तो एका घराच्या पाचव्या भागाएवढाच हलला असता. पाणी अर्थातच पिंपात ओतावे, सोलापुरात ते सांडून चालत नाही. आधीचे व नंतरचे वाचन एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, तर बहुधा वाद तेथेच संपेल.

फोटोंबाबत एक दक्षता घ्यावी. मूळ फाइल मोबाइलमध्येच जपावी, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबला जातो आणि मूळ फाइलमधील वेळेची माहिती निघून जाते. जुन्या फोटोंत मीटरचा क्रमांक दिसत नसेल, तर आजच क्रमांक, वाचन आणि मीटरची जागा एका चौकटीत येईल असा नवा फोटो घ्यावा. वाचन केवळ वाढतच जाते, त्यामुळे तो जुन्या फोटोंना पुष्टी देतो. पत्रासाठी छापील प्रती पुरेशा आहेत. प्रकरण न्यायालयात गेले, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे: भाडे एक दिवसही अडवू नका आणि 824 रुपये बँकेमार्फत किंवा यूपीआयने ‘एप्रिल ते जून पाणी’ अशी नोंद करून लगेच भरा. वादातील रकमेसाठी भाडे थांबवले की पाण्याचा वाद थकबाकीचा होतो आणि मालकांना घर खाली करून मागण्याचे कारण मिळते.

पाणी तोडण्याच्या धमकीचे उत्तर आपल्या कराराच्या स्वरूपावर अवलंबून आहे. आपण भाडेकरू असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 29 घरमालकाला न्याय्य व पुरेशा कारणाशिवाय पाण्यासारखा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास मनाई करते आणि पुरवठा पूर्ववत करून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल, तर या कलमाचा आधार तितका सरळ मिळत नाही, तेथे करारातील पाण्याची अट पुढे करून दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागावा लागतो. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी कराराचे शीर्षक आणि अनामत रकमेचे कलम नीट वाचावे. त्या कलमात ‘देय थकबाकी’ कापण्याची मुभा असली, तरी मालकांनी एकतर्फी ठरवलेली वादग्रस्त रक्कम आपोआप देय ठरत नाही.

पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवून त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर सात हजारांसाठी थेट दावा लावण्याऐवजी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. अर्जासोबत करार, मालकांची चिठ्ठी, दोन्ही छायाचित्रे, 824 रुपये भरल्याचा पुरावा आणि पोस्टाची पोचपावती जोडावी.