काळा हरभरा, ब्लॅक ग्रॅम आणि घोडा

प्रश्न : वाण्याची यादी इंग्रजीत करायची आहे. काळ्या हरभऱ्याला ब्लॅक ग्रॅमच म्हणायचं ना? बाकी डाळी-मसाल्यांची नावंही सांगा.

नाही हो! ब्लॅक ग्रॅम म्हणजे उडीद. हे ऐकून ऐकून कान किटले. आमच्या भाच्याने एकदा उसळीसाठी म्हणून ब्लॅक ग्रॅमची पिशवी आणली आणि न बघता रात्री भिजत घातली. सकाळी पातेल्यात बुळबुळीत पाणी. दाणा हातात घेतला असता तर कळलं असतं : उडीद बारीक, काळा, कडेला पांढरी रेघ, हरभरा मोठा, सुरकुतलेला, टोकाला चोच. काळ्या हरभऱ्याला यादीत ब्लॅक चिकपी लिहा.

आता गंमत. 'ग्रॅम' हा शब्द पोर्तुगीज 'ग्राँव'वरून आला, अर्थ नुसता दाणा. इंग्रजांनी तो इथे हरभऱ्याला चिकटवला, म्हणून बेसन आजही ग्रॅम फ्लार. मग इतर कडधान्यांना विशेषणं लागली : मूग ग्रीन, तूर रेड, उडीद ब्लॅक. खुद्द पोर्तुगीज हरभऱ्याला चोचीचा दाणा म्हणतात! वजनाचा ग्रॅम वेगळाच, तो ग्रीकातून फ्रेंचमार्गे आला. 'पाचशे ग्रॅम ब्लॅक ग्रॅम' असं लिहिलंत तर एका ओळीत परक्या घरचे दोन पाहुणे बसतात.

साहेबाचा हरभरा मुख्यतः घोड्यांसाठी होता. आणि अमरकोशात हरभऱ्याला 'चणक' आणि 'हरिमंथक' म्हटलंय. हरि म्हणजे घोडाही. माझं ठाम मत आहे की आपल्या हरभऱ्यातला 'हर' हाच. 'हिरवा भरा' अशी फोड करणाऱ्यांनी वाळलेला पिवळट दाणा कधी पाहिला नसावा. हिरवा असतो तो सोलाणा, आणि त्याला वेगळं नाव आहेच की. कुणी म्हणेल, हॉर्स ग्रॅम तर कुळीथ. बरोबर, दक्षिणेत घोड्यांना कुळीथ घालत, म्हणून तिथे ते नाव पडलं. त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही, उलट घोड्याचा खुराक नाव देतो एवढंच दिसतं.

हां, तुमची यादी. मसूर लेंटिल, मटकी मॉथ बीन, चवळी काउपी, ज्वारी सॉर्गम, बाजरी पर्ल मिलेट, नाचणी फिंगर मिलेट. ओवा कॅरम, बडीशेप फेनेल. धणे-जिरे तुम्हाला येत असतीलच.

मसाल्यांतही पुन्हा काळ्याचाच घोळ. ब्लॅक क्युमिन हे नाव शहाजिऱ्यालाही लावतात आणि कलौंजीलाही. कलौंजी हवी असेल तर नायजेला लिहा. शहाजिरे हवं असेल तर इंग्रजीच्या फंदात पडू नका, सरळ शहाजिरे लिहा.