मोशेचं दुःख लपवू नका

"ताई, अनेक वर्षं मी मंडळीचा वडील होतो. यंदा तरुणांना पुढे आणायचं ठरलं, पण मला आधी विश्वासात न घेता थेट सभेत सांगितलं. आता त्यांच्या नेमणुकीच्या रविवारी उपदेश मीच करावा, असं पाळक म्हणतात. मनात सल आहे, तो उपदेशात उतरेल अशी भीती वाटते. कोणता शास्त्रभाग घेऊ?"

काका, अनुवादाचा तिसरा अध्याय आणि गणनाचा सत्ताविसावा, हे दोन एकत्र घ्या. मोशे आणि यहोशवा म्हटलं की उपदेशक बहुधा "खंबीर हो, हिंमत धर" याच वचनाकडे धाव घेतात. त्याआधीचं वाचा. मोशेने यार्देनेपलीकडचा देश पाहू दे म्हणून देवाला विनवलं. देवाने त्याला हे बोलणं पुरे कर असं बजावलं आणि लगेच यहोशवाला धीर द्यायला सांगितलं. ज्याची विनंती नाकारली गेली, त्यानेच दुसऱ्याला बळ द्यायचं! मोशेला वाईट वाटलं, हे शास्त्र झाकत नाही. तुम्हीही ते झाकू नका. मात्र बोलायचं ते मोशेच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या नाही.

मग गणनावर या. आपला मृत्यू जवळ आल्याचं कळल्यावर मोशे तिथे लोकांसाठी मागतो: ही मंडळी मेंढपाळावाचून राहू नये. देव त्याला यहोशवावर हात ठेवायला आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला द्यायला सांगतो, तोही एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर. म्हणजे मोशे जिवंत असतानाच लोक यहोशवाचं ऐकायला लागावेत. याच्या पुढचं वचन मला फार मोलाचं वाटतं. मोशेशी देव समोरासमोर बोलत असे, यहोशवाने मात्र एलाजारापुढे उभं राहायचं आणि एलाजाराने त्याच्यासाठी उरीमच्या द्वारे कौल घ्यायचा, असं ठरलं. तुमच्या जागी आलेली मुलं तुमच्यासारखं काम करणार नाहीत, आणि देवाने तशी अपेक्षाही ठेवलेली नाही. उपदेशाचा निम्मा वेळ इथे द्या.

"पण आम्ही आता करायचं काय?" हा प्रश्न बाकांवरच्या ज्येष्ठांच्या मनात असेलच. त्यांच्यासाठी गणना 8 वाचा. लेव्यांनी 50व्या वर्षी सेवेच्या कामातून निवृत्त व्हायचं, पण दर्शनमंडपात भावांना मदत करत राहायचं. काम त्यांचं, हातभार आपला.

लिहून झालं की मसुदा मोठ्याने वाचा. "आमच्या वेळी" कुठे आलंय आणि तरुणांना ताकीद कुठे दिलीय, ते शोधा. सल तिथेच डोकावतो. ती वाक्यं काढून टाका.

राहिली सभेतली गोष्ट. आधी सांगायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. ते पाळकांना रविवारच्या आधी, एकट्याने भेटून सांगा. ते मनात ठेवून व्यासपीठावर चढू नका.