नॉझिक, टँकर आणि “पाडताच आला पाहिजे”

“मॅडम, रीडिंग कळतं, पण खाली प्रश्न असतो की कठीण उदाहरण घेऊन युक्तिवाद तपासा, तिथे मी ब्लँक होते. माझी उदाहरणं फालतूच निघतात.”

एम.ए. पॉलिटिकल सायन्सची किती मुलं हेच घेऊन येतात. ही सोलापूरकडची होती, रीडिंग होतं अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकचं, १९७४ च्या पुस्तकातलं बास्केटबॉलपटू चेंबरलेनचं उदाहरण. म्हणजे आधी तुम्हाला न्याय्य वाटेल तशी वाटणी करा, अगदी समान सुद्धा चालेल, मग दहा लाख लोक चेंबरलेनला बघायला तिकिटामागे २५ सेंट खुशीने देतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात, आता यात अन्याय कुठंय?

तिचं उत्तर होतं, “त्याने रेफ्रीला लाच दिली तर?”

मी विचारलं, नॉझिक फसवणुकीला हो म्हणतो का गं? नाही म्हणाली. मग त्याने आधीच बाहेर ठेवलेली गोष्ट आत आणून काय तपासलं आपण? हे बहुतेक सगळ्यांचं होतं, वडिलोपार्जित लुटीचा पैसा वगैरे उदाहरणंही इथे वायाच, कारण सुरुवातीची वाटणी न्याय्य हे ठरलेलंच आहे.

मी मानसोपचारात ‘असंच झालं पाहिजे’ हा मनातला हट्ट शोधणाऱ्या अल्बर्ट एलिसच्या वाटेची, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच होतं. “उदाहरणाने थिअरी पडलीच पाहिजे असं कोणी सांगितलं?” बराच वेळ गप्प. मग, “नाही पडली तर मला कळलंच नाही असं होईल ना.” गाठ इथे होती!

पुढच्या वेळी म्हटलं, पाडू नकोस, त्याचं एकच वाक्य धर. तिने धरलं ते, ज्यांनी तिकीट काढलं नाही त्यांचा वाटा आहे तसाच राहतो. आणि मग एकदम, “मॅडम, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. गावात एकाकडे एवढा पैसा आला तर तो जास्त भाव देऊन टँकर नेईल. आमचे पैसे तेवढेच, पण पाणी नाही.”

मी खुर्चीत सरळ बसले. हेच! बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलली आणि ‘वाटा तसाच’ याचे दोन अर्थ सुटे झाले, खिशातली रक्कम आणि त्या रकमेत मिळणारी वस्तू.

लगेच चेहरा पडला, “पण वाळवंटातला एकुलता एक पाणवठा बळकावून वाटेल तो भाव लावता येत नाही हे तर नॉझिकच म्हणतो.” अगं मग तेही लिही की! तो नियम सगळंच पाणी विकत घेणाऱ्यालाही लागतो, पण जास्त भाव देऊन एक टँकर नेणाऱ्याला लागतो का?

तिने लिहिलं, चैनीच्या वस्तूंपुरता युक्तिवाद टिकतो, मर्यादित आणि गरजेच्या गोष्टी आल्या की डळमळतो, पडतो असं मात्र मी म्हणणार नाही. ते शेवटचं वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं तिने.