निरोपाचं भाषण आणि नानांची पोच

प्रश्न: आमच्या ऑफिसमधले एक काका तीस वर्षांच्या नोकरीनंतर या महिनाअखेरीस रिटायर होतायत. भाषण सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात मारलंय. लोक हसले पाहिजेत, काकांना लागायला नको आणि आभारही मनापासूनचे वाटले पाहिजेत. कसं लिहू?

उत्तर:

२०२५ च्या मेअखेरीस हे लोढणं माझ्या गळ्यात होतं. आमच्या पंचायत समितीतले वरिष्ठ सहायक, ज्यांना सगळं ऑफिस नाना म्हणतं, ते निवृत्त होत होते. १९९५ ची नेमणूक, म्हणजे तुमच्या काकांसारखीच तीस वर्षं. मी लिहिलेल्या पहिल्या कागदावर वर अर्धं पान गमती होत्या, खाली अर्धं पान आभार, आणि मध्ये एक वाक्य: ‘पण गमतीचा भाग सोडला तर…’. घरी मोठ्यांदा वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, या वाक्याला सगळे मोबाईल काढतील. खरं होतं. तिथे ऐकणाऱ्याला कळतं की आता हसायचं संपलं, आता गंभीर चेहरा करून बसायचं.

तो कागद फाडला आणि दुसरा लिहिताना एक गोष्ट केली. ज्या सवयीवरून ऑफिस नानांना हसायचं, तीच सवय कधी कुणाच्या कामी आली होती का, ते शोधलं. एकदा ते सापडलं की विनोद आणि आभार असे दोन भाग उरतच नाहीत. एकच गोष्ट सांगायची. तिच्या पहिल्या अर्ध्यावर लोक हसतात, दुसऱ्या अर्ध्यावर गप्प होतात.

नानांची सवय म्हणजे पोच. कुठलंही पत्र बाहेर गेलं की त्यांचा पहिला प्रश्न, “पोच कुठाय?” जावक नंबर पडला, टपालात गेलं, यावर त्यांचं समाधान नाही. समोरच्या ऑफिसचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेली स्थळप्रत फाईलला लागली पाहिजे. चहावाल्या पोऱ्याला आम्ही शिकवून ठेवलं होतं, नानांच्या टेबलावर चहा ठेवला की म्हणायचं, “नाना, पोच द्या.” नाना ग्लास उचलायचे आणि म्हणायचे, “ओव्हरलीफ बघ.”

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये मी नवीन लागलो, तेव्हा एका अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र जिल्ह्याला नेऊन द्यायचं होतं. जुलै महिना, धो धो पाऊस. मी एसटीने गेलो, पाकीट दिलं, संध्याकाळी परत आलो. नाना म्हणाले, “पोच?” मी म्हटलं, टेबलावरच्या बाईंनी ठेवून घेतलंय, ओळखीच्या आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्थळप्रत हातात देऊन पुन्हा जिल्ह्याला पाठवलं. भिजलेल्या चपला, जाऊन-येऊन पाच तास, नुसत्या एका शिक्क्यासाठी. वाटेत मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

२०१६ च्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की ते प्रमाणपत्र सादरच झालेलं नाही. कामाची जबाबदारी माझी, त्यामुळे वसुलीचा प्रस्ताव माझ्या नावावर, रक्कम अडतीस हजारांच्या वर. माझा पगार तेव्हा किती होता आणि घराचा हप्ता किती, ते नानांना ठाऊक होतं. ते त्या वेळी दुसऱ्या शाखेत होते, त्यांचा यात काही संबंध नव्हता. त्यांनी फक्त साल विचारलं, अभिलेख कक्षाची चावी घेतली आणि आत गेले. दीडेक तासाने बाहेर आले तेव्हा डोक्याला जळमटं, शर्टाला धूळ आणि हातात लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा. गाठ सोडली, पानं उलटली, स्थळप्रत काढून माझ्यासमोर ठेवली. गोल शिक्का, तारीख, सही. पावसाच्या थेंबाने शाई एका बाजूला फाकलेली. नाना एवढंच म्हणाले, “ओव्हरलीफ पण बघ.” मागच्या बाजूला घेणाऱ्या बाईंचं नाव आणि वेळ, त्यांच्याच अक्षरात.

ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, कारण ती माझीच होती. तुमची तशी नसेल तर विचारत फिरा, पण “काकांबद्दल दोन शब्द सांगा” असं विचारू नका. तसं विचारलं की ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख’ हे तीन शब्द मिळतात, आणि ते तुमच्या आधीचे सगळे वक्ते बोलून टाकणार आहेत. “काकांनी तुम्हाला कधी वैताग आणला होता?” असं विचारा. आमच्या शिपाईमामांकडे या एका प्रश्नावर पाच किस्से निघाले. त्यातले दोन वैतागाने सुरू झाले आणि डोळे पुसत संपले. तसा एक तुम्हाला पुरे.

भाषण मी असं बांधलं. सुरुवात तारखेपासून केली. आमच्याकडे ३१ मे ला निवृत्तांची रांग लागते, कारण त्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे. मी म्हणालो, “नानांना साऱ्या आयुष्यात एकाच कागदाची पोच मिळालेली नाही, तो म्हणजे त्यांचा जन्माचा दाखला. गुरुजींनी अंदाजे तारीख टाकली आणि त्यावर शासनाने अठ्ठावन्न वर्षं मोजली.” सभागृह हसलं, पहिल्या रांगेतल्या काकूही हसल्या, आणि ‘पोच’ हा शब्द सगळ्यांच्या डोक्यात बसला. त्यानंतर चहावाला. त्यानंतर जुलैचा पाऊस, तोही हसतहसतच, माझी फजिती म्हणून. विनोदात जितका मार आपण स्वतः खाल तितकी मोकळीक समोरच्याची थट्टा करायला मिळते.

लेखापरीक्षणापर्यंत मी श्रोत्यांकडे बघून बोलत होतो आणि नानांचा उल्लेख ‘ते’ असा करत होतो. गठ्ठा सोडल्याचं सांगून झालं तिथे मी थांबलो, त्यांच्याकडे वळलो आणि ‘तुम्ही’वर आलो. शब्द एवढेच होते: “नाना, त्या दिवशी मी तुम्हाला थँक्यू पण म्हटलं नाही, घाबरलो होतो. नऊ वर्षं झाली. आज म्हणतो. माझी पोच घ्या.” आणि एक पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यात त्या स्थळप्रतीची झेरॉक्स होती. ‘गमतीचा भाग सोडला तर’ची जागा त्या ‘ते’वरून ‘तुम्ही’वर येण्याने घेतली.

आता काय काढून टाकलं ते सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. नानांनी संगणकाच्या परीक्षेच्या वेळी केलेली धडपड हा ऑफिसातला सगळ्यात गाजलेला किस्सा आहे. एमएस-सीआयटी पास झाल्याशिवाय वेतनवाढ नाही, अशी ती वेळ होती. किस्सा मस्तच आहे, पण नाना स्वतः तो कधी सांगत नाहीत. माझी चाचणी एवढीच: माणूस टपरीवर स्वतःचा हा किस्सा स्वतः सांगतो का? पोचेचा सांगतो, परीक्षेचा नाही, म्हणून परीक्षा गेली. दुपारची डुलकी, उशिरा येणं, रजा यांवरचे विनोदही काढले. साहेब व्यासपीठावर बसलेले असतात आणि पेन्शनच्या कागदांवर अजून सह्या बाकी असतात. तिथे ‘नाना कधी वेळेवर आले नाहीत’ हे गमतीतही म्हणू नये. आणि ‘आता घरी भांडी घासा’ हा विनोद कृपया नको. तो काकूंनी दर समारंभात ऐकलेला असतो.

आणखी एक चूक मी जवळजवळ केलीच होती. पहिल्या कागदात सगळीकडे ‘नाना प्रेमळ होते, नाना शिस्तीचे होते’ असं लिहिलेलं. गळ्यात हार घातलेला माणूस समोर खुर्चीत बसलाय, शेजारी समई तेवतेय, आणि वक्ता म्हणतोय ‘होते’. ही शोकसभा झाली. किस्सा भूतकाळात सांगा, स्वभाव मात्र वर्तमानातच ठेवा: नाना शिस्तीचे आहेत, नाना पोच मागतात. लिहून झाल्यावर कागदावरच्या प्रत्येक ‘होते’खाली पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे कळेल किती आहेत ते. माझ्या कागदावर अकरा निघाले.

लांबीचं म्हणाल तर पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. माझ्या बोलण्याच्या वेगाने साडेपाचशे शब्द होतात आणि हसू येण्याची जागा सोडावी लागते. मी सातवा वक्ता होतो, आतून जेवणाचा वास येत होता. सातवा असण्यात एक धोका असतो, तुमचा विनोद आधीच कुणीतरी मारतो. चहावाल्याचा किस्सा खरंच चौथ्या वक्त्याने सांगून टाकला. मी तिथे फक्त म्हणालो, “चहाचं तुम्ही ऐकलंच, त्याची पोच मिळाली,” आणि पुढे गेलो. तुमचा मुख्य किस्सा मात्र आधी कुणाला सांगू नका, अगदी सूत्रसंचालकालाही. घरच्यांना सांगा. मी आदल्या दिवशी काकूंना फोन करून सगळं वाचून दाखवलं होतं. पावसाचं ऐकून त्या म्हणाल्या, “मला यातलं काहीच माहीत नाही, घरी कधी बोलले नाहीत.” तेव्हा कळलं की हे बोलायलाच हवं.

३१ मे शनिवारी येत होता, सुट्टीचा, म्हणून समारंभ शुक्रवारी झाला. शेवटी नाना बोलायला उठले. शाल खांद्यावरून घसरत होती, श्रीफळ कुठे ठेवावं ते कळेना. माझं पाकीट उघडून त्यांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“ओव्हरलीफची झेरॉक्स काढली नाहीस,” ते माईकवर म्हणाले.