स्टूल कशासाठी ओढतो?

*ताई, माझा साडेचार वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. थेरपिस्टनी चित्र दाबलं की शब्द बोलणारं अ‍ॅप सुचवलं. चार महिने रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला घेऊन बसते, "सफरचंद कुठंय, दाखव" म्हणते. तो टॅब ढकलतो. मग टॅब कपाटावर ठेवते, नाहीतर कार्टूनच बघेल. तर हा स्टूल ओढत तिथे जातो! सासूबाई म्हणतात, चित्रांची सवय लागली तर बोलायचाच नाही. सोडून देऊ का?*
*– एक आई, सिंहगड रोड*

स्टूल ओढत जातो, ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. माझं मन तिथेच अडकलं. कार्टूनसाठी जात असेलही. पण कशासाठी ते त्याने सांगायचं कसं? सांगायचं साधनच तुम्ही वर ठेवलंय.

टॅब खाली काढा. तो जागा असेपर्यंत टॅब त्याच्या हाताशी हवा. त्यातलं यूट्यूब काढून टाका, सेटिंगमध्ये App pinning चालू करून हे अ‍ॅप पिन करा, म्हणजे अ‍ॅपमधून सहज बाहेर पडता येणार नाही. कार्टून टीव्हीवर.

आणि ते "दाखव" बंद. सफरचंद कुठंय हे तुम्हालाही दिसतंय, त्यालाही. मग ही तोंडी परीक्षा कशाला? त्यापेक्षा तुम्हीच बोलता बोलता एखादं चित्र दाबा. अंगावर पाणी ओतताना "आणखी", बादली रिकामी झाली की "संपलं". त्याने बघितलंच पाहिजे असं नाही, त्याचा हात धरून तर मुळीच दाबायला लावू नका. यात महिने जातात. न्हाणीत टॅब नेता येत नाही, म्हणून अ‍ॅपच्या पहिल्या पानाची रंगीत प्रिंट काढून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्या. एक न्हाणीत, एक फ्रिजवर. चित्रांच्या जागा मात्र हलवू नका, बोटांना जागा पाठ होते. अ‍ॅप इंग्रजीत बोलत असेल तर बदला. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो मराठीत बोलतं आणि मोफत आहे.

त्या पहिल्या पानावर "नको" आहे ना? नसेल तर आजच घाला. तो टॅब ढकलतो, तेव्हा नकोच म्हणतोय. तुम्ही "नको" दाबा आणि खरोखर थांबा. नको म्हणूनही काम चालूच राहिलं, तर तो ते चित्र का दाबेल?

पुढे एक दिवस त्याला "बिस्कीट" सापडेल आणि तो ते पन्नासदा दाबेल. वैतागून टॅब पुन्हा कपाटावर जातो, तो नेमका याच आठवड्यात. त्याला रिकामा डबा दाखवा, "संपलं" दाबा. आपण बडबड्या पोराच्या तोंडाला कुलूप लावतो का?

सासूबाईंची भीती जुनी आहे. चित्रांमुळे बोलणं अडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट काही मुलांचे शब्द थोडे वाढलेले दिसले. तुमचा मुलगा बोलेलच, असं मात्र मी सांगणार नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, तिसरी प्रिंट त्यांच्या हातात द्या. त्याच्या पानात वरण-भात वाढताना "आणखी"वर बोट ठेवायचं काम त्यांचं. वाढताना त्यांचा हात सैल असेल, तर फारच छान.