पुस्तक उघडून परीक्षा: सगळं प्रश्नावर अवलंबून

प्रश्न: सीबीएसई नववीला पुस्तक उघडून परीक्षा आणतंय म्हणे. त्यात मुलांची समज खरंच जास्त कळते, की ही कॉपीला दिलेली परवानगीच?

उत्तर: दोन्ही होऊ शकतं. नववीच्या विज्ञानातलं बाष्पीभवन घ्या. ‘बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणारे घटक लिहा’ हा प्रश्न पुस्तक मिटून विचारला तर निदान पाठांतर तरी तपासलं जातं. पुस्तक उघडून विचारला तर तेही नाही, कारण पृष्ठभाग, तापमान, आर्द्रता आणि वारा हे घटक धड्यात ओळीने छापलेलेच असतात.

आता कूलरचा प्रश्न करून बघू. नागपुरात 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता, मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के. कूलर कुठे जास्त गारवा देईल? प्रश्न छान वाटतो, पण त्याला भोक आहे. ‘तापमान जास्त, तर बाष्पीभवन जास्त’ एवढंच वाक्य धड्यातून उचलणारा मुलगाही ‘नागपूर’ लिहितो आणि त्याचं उत्तर बरोबर ठरतं. आर्द्रतेकडे त्याने पाहिलंच नाही, हे उत्तरपत्रिकेवरून कळायला मार्ग नाही.

म्हणून शहरं बदलायची. चेन्नईत 38 अंश, आर्द्रता 50 टक्के. पुण्यात 36 अंश, आर्द्रता 20 टक्के. सोबत आणखी एक आकडा द्यायचा: ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक चेन्नईत साधारण 29 अंश दाखवतो, पुण्यात 20. कूलरची हवा या आकड्याच्या खाली जात नाही, हेही प्रश्नातच सांगून टाकायचं. आता फक्त तापमान बघणारा ‘चेन्नई’ लिहून फसतो. चेन्नईत हवा फार तर 9 अंशांनी उतरेल, पुण्यात 16 अंशांनी, आणि हे का, ते आर्द्रतेशी जोडल्याशिवाय सांगता येत नाही. पुढे एक उपप्रश्न: कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या तर तासाभराने काय होईल? खोलीतली आर्द्रता वाढत जाते, बाष्पीभवन मंदावतं आणि गारवा कमी होऊन दमट वाटायला लागतं. हे उत्तर धड्यात कुठल्याही पानावर नाही, पण त्याला लागणारं सगळं धड्यात आहे. पाच गुणांपैकी दोन आकड्यांच्या वापराला, दोन कारणाला आणि एक बंद खोलीला द्यावा. घटकांची यादी उतरवली तर शून्य, आणि हे मुलांना आधीच सांगावं.

सीबीएसईने हा प्रयोग पूर्वीही केला आहे. 2014च्या वार्षिक परीक्षेपासून नववीला, आणि अकरावीला काही विषयांत, आधी दिलेल्या उताऱ्यांवर प्रश्न असत. उतारे परीक्षेच्या काही महिने आधीच हातात पडत. मग त्यांवर संभाव्य प्रश्न निघाले, तयार उत्तरं निघाली आणि मुलांनी ती पाठ केली. 2017-18पासून ते बंद झालं. पुस्तक उघडं, पण परीक्षा पाठांतराची, असा तो उलटा प्रकार होता. पुस्तक कितीही आधी मिळू द्या; प्रश्नातली परिस्थिती मात्र परीक्षेच्या दिवशीच दिसली पाहिजे.

स्मरणशक्ती यात निरुपयोगी ठरते असं समजू नका. कूलरच्या प्रश्नात ‘बाष्पीभवन’ हा शब्दच नाही. धडा ओळखण्यासाठी तो डोक्यात असावा लागतो. ‘पुस्तक आहेच’ म्हणून न वाचता आलेली मुलं इथेच अडकतात: एकेक संदर्भ शोधायला तीन मिनिटं धरली, तर दहा संदर्भांत अर्धा तास गेला. पेपर काढणाऱ्याने वेळ जास्तच सैल ठेवली तर उलट होतं, न समजलेलंही शोधून शोधून सापडतं. शिवाय संज्ञा, सूत्रं, पाढे यांसारख्या गोष्टी तोंडावर असाव्याच लागतात. त्यांच्यासाठी मी पुस्तक मिटलेलीच छोटी चाचणी ठेवीन.

पेपर जमलाय की नाही हे परीक्षेआधी कळू शकतं. दुसरा विषय शिकवणाऱ्या, म्हणजे समजा इतिहासाच्या, सहकाऱ्याला तेच पुस्तक आणि तोच पेपर ठरलेल्या वेळेत सोडवायला द्या. विषय न शिकता त्यांना निम्म्याहून जास्त गुण मिळाले, तर पेपर पानं शोधण्याचा आहे. ज्या प्रश्नांवर त्यांनी पुस्तकातली ओळ जशीच्या तशी लिहून गुण मिळवले, ते प्रश्न बदला.